आधी खोल की आधी रुंद?

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या पेढीवर बसलो होतो. पेढी हळदीची आणि बेदाण्याची, तिसऱ्या पिढीच्या हाती आलेली. गादीवरील वडीलधाऱ्या गृहस्थांनी चहा मागविला आणि नातवाकडे बोट दाखवून मला विचारले, "साहेब, हा यंदा बी.कॉम. झाला. याचे वडील म्हणतात, सरळ पेढीवर बसव, सगळे शिकेल. हा म्हणतो, मला दोन-तीन वर्षे एकच विषय धरून शिकू द्या, निर्यातीचे काम शिकायचे आहे. तुम्ही बँकेत जन्म काढलात. तुम्हीच सांगा, एका विषयातला जाणकार जास्त मिळवतो, की सगळ्यातले थोडे थोडे कळणारा?"

त्या वेळी मी उत्तर टाळले. प्रश्न सोपा वाटला तरी त्याचे उत्तर वयानुसार बदलते, हे मला माझ्याच नोकरीने शिकविले आहे आणि त्या शिकवणीचे शुल्क एका ग्राहकाने भरले आहे. ते सारे चहाच्या कपाएवढ्या वेळात सांगण्यासारखे नव्हते. म्हणून या महिन्याच्या सदरात सविस्तर लिहितो.

राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी म्हणून लागणाऱ्या तरुणाला पहिली दोन वर्षे परिवीक्षाधीन म्हणून प्रत्येक खात्यातून फिरविले जाते. रोकड, समाशोधन, ठेवी, कर्जे, थोडेसे परकीय चलन, आणि पुढे ग्रामीण शाखा. ही रचना हेतुपुरस्सर रुंद ठेवलेली आहे. माझ्या नोकरीच्या काळात अधिकाऱ्यांच्या एकूण सात श्रेणी असत. पहिल्या तीन श्रेणींत माणसाने काम करायचे असते, चौथीपासून पुढे दुसऱ्यांकडून काम करवून घ्यायचे असते. हा तिसऱ्या व चौथ्या श्रेणीमधला उंबरठा पुढच्या सगळ्या कथेचा मध्य आहे, तेवढा लक्षात ठेवावा.

मी १९८१ साली बँकेत लागलो. माझ्याबरोबर त्याच तुकडीत असलेला एक मित्र परिवीक्षा संपताच मुंबईच्या परकीय चलन विभागात गेला आणि सलग तेरा वर्षे तेथेच राहिला. मी मात्र दर तीन वर्षांनी बदली होत सांगली, सोलापूर, कर्नाटकाचा सीमाभाग असा फिरत राहिलो. पस्तिशीपर्यंत मी बँकेतील बहुतेक प्रत्येक टेबलावर बसलो होतो. तो एकाच टेबलावर बसला होता. आमच्या पगारात त्या वेळी फरक नव्हता. बँकेत पगार श्रेणीचा असतो, विद्येचा नसतो. फरक पुढे दिसला, आणि तो दोन्ही बाजूंनी दिसला.

प्रथम माझी चूक सांगतो.

२०११ साली मी एका निमशहरी भागातील मोठ्या शाखेचा प्रमुख होतो. आमच्या एका हळद व्यापाऱ्यास परदेशी खरेदीदाराने लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे व्यापारी बोलीतली एलसी, पाठविली. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेले वचन. विक्रेत्याने ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत, अटींशी तंतोतंत जुळणारी अशी सादर केली, तर पैसे देण्याची जबाबदारी त्या बँकेची. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. हळद उत्तम असली आणि कागद चुकला, तर बँक पैसे नाकारू शकते. हळद निकृष्ट असली आणि कागद बिनचूक असला, तर बँकेला पैसे द्यावे लागतात. जगभर हा व्यवहार आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या समान नियमावलीनुसार चालतो. तिची सध्याची आवृत्ती यूसीपी ६०० या नावाने १ जुलै २००७ पासून लागू आहे.

त्या एलसीत माल होता ४०० पोती हळकुंडे, प्रत्येकी ५० किलो, एकूण किंमत ४०,००० डॉलर. माल एकाच खेपेत पाठवावा, अंशतः पाठवणी चालणार नाही, अशीही अट होती. माल रवाना होण्याच्या दोन दिवस आधी गोदामात पाणी शिरून दहा पोती भिजली. बदली माल त्याच प्रतीचा मिळेना आणि जहाजाची तारीख टळली असती तर एलसीची मुदतच संपली असती. व्यापारी धावत माझ्याकडे आला. "साहेब, ३९० पोती पाठवू का?"

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "पाठवा. पाच टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालते. तुमचे तर अडीच टक्केच कमी आहे."

पाच टक्क्यांचा नियम मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकला होता आणि तो खोटाही नव्हता. नियमावलीच्या तिसाव्या कलमात ती सवलत खरोखर आहे. परंतु त्याच वाक्यात पुढे एक अट आहे: एलसीत परिमाण पोती, खोकी, नग असे मोजून दिलेले नसावे. परिमाण 'वीस टन' असे दिलेले असते, तर साडेएकोणीस टन चालले असते. ते '४०० पोती' असे दिलेले होते, म्हणून ३९९ पोतीसुद्धा चालली नसती. एलसीने अंशतः पाठवणीस परवानगी दिली असती, तरीही मार्ग निघाला असता, कारण मग ३९० पोती ही एक खेप धरली गेली असती आणि तेवढ्याचे पैसे मागता आले असते. ते दारही बंद होते. मला सवलत ठाऊक होती, अपवाद ठाऊक नव्हता. रुंद ज्ञानाचे हेच लक्षण असते. त्यात नियम असतात, अपवाद नसतात, आणि पैसा बहुधा अपवादातच बुडतो.

कागदपत्रे गेली. परदेशी बँकेला तपासणीसाठी सादरीकरणानंतर जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. पाचव्या दिवशी त्रुटीची सूचना आली: माल कमी पाठविला आहे, कागदपत्रे नाकारत आहोत. अशा वेळी खरेदीदाराने त्रुटी माफ केली तर प्रश्न मिटतो. परंतु त्या वर्षी हळदीचे भाव आदल्या वर्षीच्या उच्चांकावरून उतरत होते. भाव चढते असते तर खरेदीदाराने दहा पोत्यांकडे पाहिलेही नसते. भाव उतरत असताना तीच दहा पोती त्याच्या हातातील हत्यार झाली. ३९० पोत्यांचे बिल ३९,००० डॉलरचे होते. त्याने आठ टक्के सूट मागितली, म्हणजे ३,१२० डॉलर. त्या वेळच्या सुमारे ४५ रुपये दराने १,४०,४०० रुपये. माल परक्या बंदरात पडून होता, भाडे चढत होते. व्यापाऱ्याने सूट दिली. मला तो एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्या रात्री मी मुंबईच्या मित्राला दूरध्वनी केला. मी निम्मी हकीकत सांगितली असेल नसेल, त्याने मध्येच विचारले, "एलसीत परिमाण टनात होते की पोत्यांत?"

मी म्हणालो, "पोत्यांत."

"मग पाठवण्याआधी दुरुस्ती मागवायची होतीस. खरेदीदाराला सांगून त्याच्या बँकेकडून 'अंशतः पाठवणी चालेल' एवढे तीन शब्द घालून घ्यायचे. भाव पडलेले नव्हते तोवर त्याने आनंदाने दिली असती. त्याला माल हवाच होता."

तेरा वर्षे एका टेबलावर बसल्याने त्याला काय मिळाले होते, ते मला त्या एका प्रश्नात कळले. नियमावली मीही वाचू शकत होतो. एकोणचाळीस कलमांची लहानशी पुस्तिका ती. त्याने मात्र हजारो कागदपत्रांचे संच हाताळले होते आणि कोणती चूक कशी दिसते, हे त्याला न शोधता दिसत होते. विम्याची तारीख जहाजावर माल चढल्याच्या तारखेनंतरची नाही ना. विमा सीआयएफ किमतीच्या निदान ११० टक्के आहे ना. बीजकावरील मालाचे वर्णन एलसीतील वर्णनाशी जुळते ना. माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत आणि एलसीच्या मुदतीत कागद सादर झाले ना. त्याची नजर या चार-पाच जागांवर आपोआप जात असे. खोल ज्ञान म्हणजे चूक कोठे होते याची ओळख. ती पुस्तकातून येत नाही, पुनरावृत्तीतून येते, आणि पुनरावृत्तीला वर्षे लागतात.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, उत्तर मिळाले, नातवाला निर्यातीचे काम शिकू द्या. थोडे थांबावे. गोष्टीचा दुसरा भाग अजून सांगायचा आहे.

माझा मित्र बढतीच्या बाबतीत मागे पडला. तिसऱ्या श्रेणीपर्यंत तो माझ्या बरोबरीने आला. पुढे चौथ्या श्रेणीसाठी शाखा चालविल्याचा अनुभव पाहिला जातो, आणि त्याच्याकडे तो नव्हता. शिवाय विभागाला तो सोडवत नव्हता. ज्या माणसावाचून टेबल चालत नाही, त्याला त्या टेबलावरून कोण उठवील? तज्ज्ञाची ही अडचण बाहेरून दिसत नाही. त्याचे कौतुक सगळे करतात आणि त्या कौतुकानेच त्याला जागच्या जागी बांधून ठेवतात. अखेर वयाच्या पन्नाशीजवळ त्याला एक शाखा मिळाली.

त्या शाखेत एक मसाला व्यापारी होता. निर्यात हा त्याच्या धंद्याचा लहान भाग. तो भाग माझ्या मित्राने पाहिला आणि प्रसन्न झाला. कागद अतिशय स्वच्छ, एकही त्रुटी नाही. धंद्याचा मोठा भाग मात्र देशातील मसाला कारखान्यांना उधारीने माल देण्याचा होता. व्यापाऱ्याची वार्षिक उलाढाल ४ कोटी ८० लाख रुपये. त्याला खेळते भांडवल किती द्यावे, हे मित्राने उलाढाल पद्धतीने काढले. नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली ही पद्धत लहान उद्योगांसाठी सर्रास वापरली जाते आणि तिचा हिशेब सोपा आहे. उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज मानायची, त्यातले ५ टक्के व्यापाऱ्याने स्वतःचे घालायचे, २० टक्के बँकेने द्यायचे. म्हणजे गरज १ कोटी २० लाख, व्यापाऱ्याचे २४ लाख, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा ९६ लाख. गणितात काहीच चूक नव्हती.

चूक होती गृहीतकात. २५ टक्के म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा, म्हणजे तीन महिने. पैसा मालात गेला की तीन महिन्यांत परत येतो, असे ही पद्धत धरून चालते. किराणा दुकानात पैसा त्याहूनही लवकर फिरतो. हळदीच्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी. तो हंगामात माल भरून ठेवतो. या व्यापाऱ्याचा माल सरासरी चार महिने गोदामात राही, त्यापुढे कारखान्यांकडून पैसे यायला तीन महिने लागत. हे झाले सात. अडत्याकडून त्याला स्वतःला महिन्याची उधारी मिळे, ती वजा केली तर उरले सहा महिने. महिन्याची उलाढाल ४० लाख, म्हणजे सहा महिन्यांचे २ कोटी ४० लाख. नफ्याचा भाग सोडला तरी गरज बँकेने धरल्याच्या जवळपास दुप्पट होती. उरलेली रक्कम व्यापारी कोठून आणत होता? बाजारातून, हुंडीवर, चढ्या व्याजाने. ते व्याज नफा खात होते आणि ताळेबंदात ते 'मित्र व नातेवाईक यांच्याकडील ठेवी' या सभ्य नावाखाली बसले होते.

याची लक्षणे खात्यात वर्षभर दिसत होती. कॅश क्रेडिट खाते हे भरती-ओहोटीसारखे हलले पाहिजे. हंगामात वर जावे, माल विकला की खाली यावे. हे खाते बाराही महिने मर्यादेला टेकून होते. व्यापारी वर्षाला पावणेपाच कोटींची विक्री सांगत होता आणि खात्यात जमा मात्र साडेतीन कोटींच्या आसपासच होत होती. उरलेली विक्री हुंडीवाल्यांकडे परस्पर वळत होती. ज्या अधिकाऱ्याने पाच-सात वर्षे निरनिराळ्या गावांत लहान व्यापाऱ्यांची खाती पाहिली आहेत, त्याला हे खाते पाहताच शंका आली असती. मला आली असती, असे मी गर्वाने म्हणत नाही, पण मी तसली खाती बरीच पाहिली होती. माझ्या मित्राने आयुष्यभर कागदांचे संच पाहिले होते, खात्याची चाल पाहिली नव्हती. दोन वर्षांनी भाव पडले, कारखान्यांची वसुली लांबली, हुंडीवाल्यांनी तगादा लावला, आणि खाते नव्वद दिवसांहून अधिक काळ मर्यादेबाहेर राहून अनुत्पादित झाले. व्यापाऱ्याने गोदाम विकून बँकेचे पैसे फेडले. पेढीची पाटी अजून आहे, पण तिच्यावर दुसऱ्याचे नाव आहे.

तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला. माझ्या उथळपणाने एका व्यापाऱ्याचे १,४०,४०० रुपये गेले. माझ्या मित्राच्या अरुंदपणाने दुसऱ्याचे गोदाम गेले. आम्ही दोघेही प्रामाणिक होतो, मेहनती होतो. उणीव एवढीच होती की, त्या वयाला आणि त्या खुर्चीला जे लागत होते ते आमच्यापाशी नव्हते.

आता निवृत्तीनंतरचे. येथे पारडे पुन्हा फिरले, आणि याची मला खरोखर कल्पना नव्हती.

मी वरच्या श्रेणीतून निवृत्त झालो. निवृत्तीच्या समारंभात पुष्कळांनी सांगितले की, तुमच्या अनुभवाची समाजाला गरज आहे. पुढच्या सहा महिन्यांत कोणाचाही दूरध्वनी आला नाही. रुंद ज्ञानाला खुर्ची लागते. शाखाप्रमुख म्हणून मी चार विभागांना जोडत होतो, कोणाला कोणाकडे पाठवायचे हे ठरवत होतो, आणि ते खरे काम होते. खुर्ची गेली तेव्हा जोडायला विभागच उरले नाहीत. मित्राकडे मात्र निवृत्तीनंतर महिन्याभरातच एक निर्यातदार आला. आज तो घरी बसून तीन पेढ्यांचे कागद बँकेत जाण्यापूर्वी तपासतो आणि प्रत्येक संचामागे शुल्क घेतो. खोल ज्ञान माणसाबरोबर घरी येते. ते त्याच्या हातात असते, पदात नसते.

पण त्याचेही एक भय त्याने स्वतःच मला सांगितले. आमच्या नोकरीच्या काळात नियमावलीची जुनी आवृत्ती होती, तीत तपासणीला सात बँक-दिवस मिळत. २००७ साली ते पाच झाले आणि इतरही पुष्कळ बदलले. ज्यांनी नवी आवृत्ती नीट वाचली नाही, त्यांची वीस वर्षांची विद्या एका तारखेला जुनी झाली. पुढे बँकांनी परकीय व्यापाराचे काम शाखांतून काढून मोजक्या केंद्रांत नेले. शाखेतील ज्या टेबलावर तो बसला होता, ती टेबलेच पुष्कळ ठिकाणी उरली नाहीत. विषय खोल असला तरी तो जेथे चालतो ती जागाच हलली, तर खोली निरुपयोगी होते. तो तगला, कारण त्याला बँकेची कार्यपद्धती पाठ होती आणि त्यापलीकडे कागदामागचे कारणही ठाऊक होते. विम्याची तारीख आधीची का हवी, हे ज्याला समजते त्याला नियम बदलला तरी नव्याने शिकता येते. ज्याला फक्त 'तारीख पाहायची' एवढे ठाऊक असते, त्याला येत नाही.

आता पेढीकडे वळतो. व्यापारी कुटुंबात श्रेणी नसतात, पण वयाचे टप्पे असतातच, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा क्रम असा लावावा.

पहिली एक-दोन वर्षे मुलाला पेढीवर सगळीकडे फिरवावे. रोजमेळ लिहू द्यावा, सौद्याला बाजारात न्यावे, वसुलीला पाठवावे. यातून तो काही शिकेल अशी फार आशा धरू नये. हेतू एवढाच की, कोठे काय चालते ते त्याला दिसावे आणि त्याचे मन कोठे रमते ते आपल्याला दिसावे.

त्यानंतर पस्तिशीपर्यंत त्याने एक विषय खोलवर धरावा. याच वयात हे का? कारण या वयात चूक स्वस्त पडते, पुनरावृत्तीचा कंटाळा सोसवतो आणि शिकविणारे वडीलधारे हयात असतात. विषय निवडताना मी दोन गोष्टी पाहीन. त्या विषयात चूक झाली तर नुकसान रुपयांत मोजता येते का? येत असेल, तर त्या ज्ञानाला किंमत आहे. आणि ते ज्ञान आपल्या पेढीबाहेर कोणाला उपयोगी पडेल का? मालाची पारख, निर्यातीचे कागद, कराचे काम, ही बाहेरही चालतात. 'आमच्या अमुक गिऱ्हाईकाचा स्वभाव' हे ज्ञान त्या गिऱ्हाइकाबरोबर संपते. खोली आली की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. बाजारातील दुसऱ्या पेढीचा माणूस त्याला विचारायला येऊ लागला, की आली असे समजावे. घरच्यांचे कौतुक यात धरू नये.

पस्तिशीनंतर मात्र त्याला त्या टेबलावरून उठवावे. हे सर्वांत कठीण असते, कारण तोवर त्याच्यावाचून ते काम अडते. माझ्या मित्राच्या विभागाने हेच केले नाही आणि त्याचा तोटा मित्राला, बँकेला आणि त्या मसाला व्यापाऱ्याला झाला. तीन भावांच्या पेढीत एक खरेदी पाहतो, एक विक्री, एक हिशेब, आणि वीस वर्षे तसेच चालते. मग हिशेब पाहणाऱ्यास अचानक काही झाले तर उरलेल्या दोघांना हुंड्या किती आणि कोणाच्या, हेही सांगता येत नाही. असे प्रसंग मी शाखेत बसून पाहिले आहेत.

यावर बँकांकडे एक साधा उपाय आहे, तो पेढीला फुकट घेता येण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग निदान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे लागते. हेतू लबाडी उघडी पडावी हा. पण त्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते: त्याच्यावाचून काय अडते. घरातल्या प्रत्येकाला वर्षातून दहा दिवस असे सोडवावे, तीर्थयात्रेला पाठवावे, आणि त्याचे काम दुसऱ्याने करावे. जेथे जेथे परगावी दूरध्वनी करावा लागला, त्या जागा वहीत लिहून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी कोणाला काय शिकवायचे, ती यादी आपोआप तयार होते. भावाच्या कामातले अपवाद तुम्हाला कळणार नाहीत आणि कळण्याची गरजही नाही. अपवाद कोठे असू शकतो, आणि तेथे थांबून कोणाला विचारायचे, एवढे कळले तरी पुरे. २०११ साली मला तेवढेच कळले असते, तर मी 'पाठवा' म्हणण्याआधी एक दूरध्वनी केला असता.

साठीनंतर ज्याने खोली राखली आणि ताजी ठेवली, त्याला काम शोधत येते. माझ्यासारख्यांनी निराश होऊ नये. सहा महिने रिकामे गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, मी स्वतःला रुंद समजत होतो, तरी एक गोष्ट मी तीस वर्षे नकळत करत आलो होतो. लहान व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिट खात्याची चाल मला वाचता येते. आता आठवड्यातून दोन दिवस मी तेवढेच करतो. चार पेढ्या येतात. त्यांच्या खात्याचा वर्षाचा उतारा घेतो आणि पैसा किती महिन्यांनी परत येतो हे त्यांच्याबरोबर बसून मोजतो.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी परवा निरोप पाठविला: नातवाला एक वर्ष पेढीवर फिरवा, मग तीन वर्षे निर्यातीचे काम शिकू द्या, हवे तर माझ्या मित्राकडे पाठवा. फक्त आजच वहीत लिहून ठेवा की, तो पस्तीस वर्षांचा झाला की त्याला त्या कामावरून उठवायचे. त्या वेळी त्याच्यावाचून अडेल, तो नको म्हणेल, तुमचाही धीर होणार नाही. म्हणून आजची तारीख घालून सही करून ठेवा.

त्यांचे उत्तर आले, "साहेब, सही केली. साक्षीदार म्हणून नातवाची घेतली आहे."